कागदांच्या फाईलमधून उलगडणारी कथा: गुपित नेमकं कुठे ठेवायचं?

प्रश्न: डिचोलीतल्या एका घराची कथा लिहितेय. फक्त सरकारी छापाचे कागद वापरायचे आहेत: नोटिसा, पावत्या, फॉर्म, दाखले. पत्र नाही, डायरी नाही. शेवटी कळायला हवं की नायिकेचा धाकटा काका हा खरं तर तिच्या अविवाहित आत्याचा मुलगा आहे. दोन मसुदे झाले. पहिल्यात वाचणाऱ्यांना दुसऱ्याच कागदावर कळलं, दुसऱ्यात शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही. कोणते कागद घेऊ आणि कसे लावू?

उत्तर:

दोन्ही मसुद्यांचं दुखणं बहुधा एकच आहे. तुम्ही गुपित एका कागदात ठेवलं असणार. तसं केलं की दोनच गोष्टी होऊ शकतात. तो कागद स्पष्ट असेल तर तो आला की कथा संपते, आणि पुसट केला तर कुणाच्या नजरेतच भरत नाही. यातून सुटायचं तर गुपित दोन कागदांच्या मध्ये पडायला हवं. प्रत्येक कागद आपापल्या कार्यालयापुरता बरोबर दिसतो, पण दोन शेजारी ठेवले की मेळ बसत नाही. तो मेळ वाचकाने स्वतः घालून बघायचा असतो.

म्हणून कागद निवडण्याआधी एक ठरवा: ही फाईल आज कोण जमवतंय आणि कुठल्या कामासाठी? कथेचा क्रम तिथूनच मिळतो. गोव्यात याला तयार निमित्त आहे. माणूस गेला की वारसाहक्काचा दस्त नोटरीपुढे करावा लागतो, त्यासाठी मृत्यूचे, जन्माचे, लग्नाचे दाखले गोळा करावे लागतात आणि दस्ताची जाहीर नोटीस निघते. समजा, आत्या शालिनी 2019 साली वारली आणि भाची तिच्या नावावरच्या घराच्या हिश्शासाठी फाईल करते आहे. आता प्रत्येक कागद का आला याला कारण मिळालं. शिवाय प्रत्येक कागदावर दोन तारखा आल्या, एक घटनेची आणि एक नक्कल दिल्याची. घटनेच्या तारखांनी जुनी गोष्ट चालते आणि नकलेच्या तारखांनी भाचीची आजची. कागद नकलेच्या तारखेप्रमाणे लावा. घटनांच्या क्रमाने लावलेत तर जन्म दुसऱ्या-तिसऱ्या कागदावर येतो आणि पहिल्या मसुद्यासारखं सगळं लवकर उघडं पडतं.

सुरुवात त्या नोटिशीच्या मसुद्याने करावी असं मला वाटतं. वकिलाच्या कार्यालयात घरच्यांच्या सांगण्यावरून तो टाईप झालेला असतो. असा काहीसा:

“सर्व संबंधितांस कळविण्यात येते की कुमारी शालिनी विठ्ठल ——, राहणार डिचोली, या अविवाहित स्थितीत, कोणतेही मृत्युपत्र न करता, तसेच वंशज अथवा पूर्वज मागे न ठेवता मयत झाल्या. त्यांच्या पश्चात त्यांचे भाऊ यशवंत विठ्ठल —— (पत्नी सौ. सुमती) व सदानंद विठ्ठल —— (पत्नी सौ. वंदना) हेच एकमेव वारस असून, कायद्याने त्यांच्याहून अग्रहक्क असणारी अथवा त्यांच्याबरोबर हिस्सा मागू शकेल अशी अन्य कोणतीही व्यक्ती नाही.”

शेवटचं वाक्य तुमच्या पदरात फुकट पडलेलं आहे. अशा प्रत्येक नोटिशीत ते ठरलेल्या शब्दांत येतं, म्हणून गोव्यातला वाचक त्याच्यावर थांबतच नाही. बायकांची नावंही का आली हे समजावू नका. इथल्या कायद्यात नवरा-बायकोची मिळकत सामाईक, त्यामुळे वारसाबरोबर त्याच्या जोडीदाराचं नाव येतंच. ही नावं गाळलीत तर नोटीस गोव्याची वाटणार नाही.

दुसरा कागद आजोबांचं 1976 चं मृत्युपत्र. हा कागद कंटाळवाणा वाटला पाहिजे, कारण त्याचं काम शेवटी आहे. पोर्तुगीज नागरी कायद्याची घडी गोव्यात तशीच चालू राहिली, आणि तिच्याप्रमाणे ज्याला मुलंबाळं आहेत त्याला आपली सगळी इस्टेट मनाप्रमाणे देता येत नाही. निम्मी राखीव राहते, ती मुलांची. उरलेल्या निम्म्याचंच मृत्युपत्र करता येतं. घराचा अर्धा भाग मुळातच आजीचा, म्हणून आजोबांचा स्वतःचा अर्धा आणि त्यातला निम्मा एवढंच त्यांच्या हातात. मृत्युपत्रात एक वाक्य घाला: “मला मुले असल्याने कायद्याने माझ्या मिळकतीच्या निम्म्याच भागाची विल्हेवाट लावण्याचा मला अधिकार आहे, तो भाग मी माझी कन्या शालिनी हिला देतो.” लग्न न झालेल्या मुलीची सोय बापाने केली, एवढंच वाचक घेईल. पण नियम आणि त्यामागचं कारण दोन्ही त्याच्या कानावरून गेलेलं असेल. पुढे त्याची गरज पडणार आहे.

आता सदानंदचा जन्मदाखला. वारस म्हणून तो फाईलीत लागतोच. जन्म 9 जून 1973, ठिकाण घर, वडील विठ्ठल, आई राधाबाई, आणि नोंदणीची तारीख 22 मे 1978. जन्माची खबर 21 दिवसांत द्यायची असते आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही, म्हणून शेऱ्यात आदेशाचा क्रमांक आला पाहिजे. पाच वर्षांचा उशीर बघून वाचक भुवई उंचावेल का? फारशी नाही. शाळेत घालायची वेळ आली तेव्हा नोंद केली, असं घरोघर झालेलं आहे. माझा आग्रह याच गोष्टीसाठी असतो: प्रत्येक खुणेला तिचं स्वतःचं साधं, निरुपद्रवी कारण असू द्या. ते नसेल तर वाचकाला तिथेच वास येतो.

या दाखल्यावर आईचं वय लिहू नका. पुष्कळ लेखक इथे फसतात. जन्माची खबर देण्याच्या फॉर्ममध्ये आईचं वय भरतात, पण तो भाग आकडेवारीसाठी असतो आणि दाखल्यावर उतरत नाही. तुमच्या कथेच्या दृष्टीने हे उत्तमच आहे, कारण वय दुसऱ्या कागदावरून यावं लागेल आणि बेरीज-वजाबाकी वाचकाला करावी लागेल.

इथेच जन्माच्या जागेचाही विचार करा. अशा कथेत बाळंतपण बहुतेकदा बेळगावला करतात आणि दाखला मात्र डिचोलीचा जोडतात. जन्म जिथे झाला तिथेच नोंदला जातो. बेळगावात जन्मलेल्या मुलाचा खरा दाखला बेळगावचाच असणार. म्हणून आजोबांनी मुद्दाम “घरी जन्मला” असं सांगून उशिरा नोंद करवली, ही गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. हॉस्पिटलचा कागद मागायचं कारणच उरत नाही, आणि पाच वर्षांच्या उशिराला दुसरा अर्थ येतो. तो अर्थ वाचकाला नंतर सुचेल.

चौथा कागद माझ्या मते या कथेचा कणा आहे. शालिनी प्राथमिक शिक्षिका होती असं धरा. मुक्तीनंतर गावोगाव सरकारी मराठी शाळा निघाल्या, 1945 साली जन्मलेल्या मुलीला अशी नोकरी लागणं अगदी स्वाभाविक. तिच्या ट्रंकेत रजा मंजुरीच्या आदेशाची प्रत सापडते. वर “गोवा, दमण आणि दीव सरकार, शिक्षण खाते”. मजकूर चार ओळींचा: अर्जदार शिक्षिकेस 5 मार्च ते 14 ऑगस्ट 1973 या काळासाठी बिनपगारी असाधारण रजा मंजूर, कारण “मातोश्रींची प्रकृती”. खाली ठरावीक प्रती: मुख्याध्यापक, कोषागार, संबंधित शिक्षिका.

हा आदेश दोनदा वाचला जातो, हीच त्याची ताकद. पहिल्या वाचनात तो जन्मदाखल्याला दुजोरा देतो. आईचं बाळंतपण होतं, थोरल्या मुलीने रजा काढून तिची सेवा केली. वाचक समाधानाने पुढे जातो. घरच्यांनी 1973 साली शेजाऱ्यापाजाऱ्यांना हेच सांगितलं असणार, म्हणजे कागदाने वाचकाला फसवलेलं नाही, घराने जगाला जसं फसवलं तसाच वाचक फसला. गुपित फुटल्यावर त्याला हाच कागद परत काढून बघावासा वाटेल.

पाचवा कागद लहानसा ठेवा: बेळगावच्या खोलीच्या भाड्याची एक पावती, एप्रिल 1973 ची, “मिस शालिनी, सोबत एक” अशा नोंदीची. पावती छापील वहीतली, नाव पेनाने भरलेलं. तिलाही निरुपद्रवी कारण आहे: आईला उपचाराला बेळगावला नेली असेल. पण मग मूल घरी कसं जन्मलं? नऊ जूनला घरी जन्म आणि एप्रिलमध्ये बेळगावात खोली, इथे पहिला तडा जातो. तडाच जाऊ दे. पावत्या पाचही महिन्यांच्या जोडल्यात तर भिंत पडेल. एकच पुरे, आणि ती एप्रिलचीच असावी. जूनची पावती असती तर वाचकाला विचार करायला काही उरलं नसतं.

सहावा कागद आजीचा मृत्यूदाखला. “वंशज अथवा पूर्वज मागे न ठेवता” म्हणायचं तर आई आधी वारली याचा पुरावा लागतो, म्हणून तो फाईलीत येतो. मृत्यू 1994, वय 74. इथे काहीही अधोरेखित करू नका. 1994 मधून 74 वजा केले की 1920, आणि सदानंदच्या जन्मावेळी आजी 53 वर्षांची. आजीचं आणखी एक मूल यशवंत, 1948 चा. त्याचा जन्मदाखला आधीच फाईलीत असेल तर मधली पंचवीस वर्षंही दिसतात. तरीही हा पुरावा पक्का नाही. मृत्यूची खबर द्यायला जो जातो तो अंदाजाने वय सांगतो, चार-पाच वर्षं इकडेतिकडे सहज होतात, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. संशय आला पाहिजे, खात्री होता कामा नये.

खात्री सातव्या कागदाने येते: शालिनीचं 2004 चं मृत्युपत्र. पहिल्या नोटिशीत “मृत्युपत्र न करता” असं लिहिलं होतं. आता त्याची नक्कल सापडते, म्हणजे मसुदा बदलावा लागणार. नोटरीच्या पुस्तकात केलेलं मृत्युपत्र करणाऱ्याच्या हयातीत बाहेर फुटत नाही, तेव्हा घरच्यांना माहीत नसणं पटण्यासारखं आहे. मजकूर असा ठेवा: “माझ्या मिळकतीच्या ज्या निम्म्या भागाची विल्हेवाट लावण्याचा मला कायद्याने अधिकार आहे, तो भाग मी माझा भाऊ यशवंत यास देते.” बस्स. सदानंदचा उल्लेखसुद्धा नाही.

आता वाचकाला दुसरा कागद आठवतो. निम्म्याचं बंधन कुणाला? ज्याला मुलं आहेत त्याला. आईवडील हयात असले तरी राखीव हिस्सा असतो, पण 2004 साली दोघंही वारलेले होते, आजोबा 1979 सालीच. भावांसाठी राखीव हिस्सा नसतो. शालिनीला मूल नसतं तर तिला सगळी इस्टेट वाटेल तशी देता आली असती आणि नोटरीने तसंच लिहिलं असतं. आजोबांच्या वाक्याशी तिचं वाक्य शब्दाला शब्द जुळतं, फक्त “मला मुले असल्याने” हे तीन शब्दांचं तोंड गळालं आहे. तिने यशवंतला त्याच्या उपकारापोटी निम्मं दिलं आणि उरलेलं निम्मं न बोलता जिथे जायला हवं तिथे सोडलं. तिने आयुष्यभरात मुलाला मूल म्हटलं ते एवढ्याच जागी, आणि तेही न लिहून. कथेतली सगळ्यात हळवी गोष्ट हीच आहे, म्हणून तिच्या आधी-नंतर भावनेचा एक शब्दही नको.

कायद्याने ते निम्मं खरोखर सदानंदला एकट्याला मिळेल का, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. नोंदीप्रमाणे तो तिचा भाऊच, आणि जन्माची नोंद बदलून घ्यायची तर न्यायालयात जावं लागेल. वारसा, नोटरी आणि इन्व्हेंटरीबद्दलचा गोव्याचा 2012 चा कायदा डिसेंबर 2016 पासून लागू झाला, तेव्हा 2019 च्या नोटिशीत त्याच कायद्याचं नाव यायला हवं. 2016 च्या आधीचा मृत्यू दाखवलात तर जुन्या पोर्तुगीज कायद्याचा दाखला द्यावा लागेल. कथेला निकालाची गरज नाही. शालिनीच्या मनात काय होतं एवढं मृत्युपत्रातून कळतं. पण नोटिशीचा आणि मृत्युपत्राचा मजकूर एकदा चालू वकिली करणाऱ्या कुणाला दाखवून घ्या. गोव्याचा वाचक या दोन कागदांवर चूक माफ करत नाही.

या क्रमात न बसणारे कागद मोहाने घालू नका. फॉर्म एक-चौदा आपल्याकडे प्रत्येक कथेत डोकावतो, पण तो जमिनीचा कब्जा, कूळ आणि दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा मुंडकार सांगतो. गुपित मुंडकाराच्या घराचं असतं तर तो पहिला घ्यायला सांगितला असता. घरपट्टीची पावतीही इथे नुसती शोभेची. आणखी एक मोह टाळा: शालिनीच्या भविष्यनिर्वाह निधीच्या नामनिर्देशन फॉर्ममध्ये “नाते” या रकान्यात “मुलगा” लिहून खोडलं आणि वर “भाऊ” लिहिलं, असं दाखवायचा. दिसायला नाट्यमय आहे, पण तीस वर्षं तोंड न उघडलेली बाई सरकारी फॉर्मवर अशी चूक करणार नाही, आणि केलीच तर कारकून नवा फॉर्म देईल. कागद जेव्हा त्याला माहीत असायला नको ते सांगतो, तेव्हा त्याच्यामागे लेखक उभा दिसतो.

काळाच्या खुणांकडेही नीट बघा. 1973 आणि 1976 च्या कागदांवर “गोवा राज्य” छापू नका, घटकराज्य 30 मे 1987 ला झालं. मुक्तीपूर्वीचा एखादा कागद लागलाच, समजा शालिनीची 1945 ची जन्मनोंद, तर मूळ पोर्तुगीजमध्ये असणार आणि वाचकापुढे येईल तो तिचा अलीकडे केलेला अनुवाद, अनुवादकाच्या शिक्क्यासह. अनुवादाची भाषा थोडी अवघडलेली ठेवा. बाकी कागदांच्या भाषेतही फरक हवा. नोटीस लांब वाक्यांची, रजेचा आदेश कर्मणी प्रयोगातला, पावतीत वाक्यच नाही. सगळे कागद एकाच आवाजात बोलले तर वाचक तिसऱ्या कागदापासून चाळायला लागतो.

शेवटासाठी एक पावती सुचवते. 2004 च्या मृत्युपत्राच्या नोंदणी शुल्काची, त्याच तारखेची. रक्कम, पुस्तक क्रमांक, आणि “यांजकडून मिळाले” च्या पुढे सदानंदचं नाव. ज्या मृत्युपत्रात त्याला काहीच मिळालेलं नाही त्याचे पैसे त्याने भरले, म्हणजे तो तिला घेऊन तिथे गेला होता, म्हणजे त्याला ठाऊक होतं. भाचीला 2019 मध्ये कळलं ते त्याला पंधरा वर्षं आधी. तरीही नोटिशीच्या मसुद्यावर त्याने भाऊ म्हणूनच होकार दिला आहे. ही पावती मृत्युपत्राच्या आधी आली तर निरर्थक वाटेल, म्हणून ती मागेच टाचलेली असू द्या.

मसुदा झाला की तीन वाचकांना द्या, त्यातला एक गोव्याबाहेरचा असू द्या, आणि प्रत्येकाला फक्त एवढंच विचारा: संशय कितव्या कागदावर आला, खात्री कितव्यावर झाली? संशय पाचव्या-सहाव्यावर आणि खात्री सातव्यावर आली तर हात लावू नका. चौथ्यावरच कळत असेल तर रजेचा काळ आखडता घ्या, मार्चऐवजी मेपासून करा, आणि त्याबरोबर भाड्याची पावतीही मेची करा. गोव्याबाहेरच्याला सातव्यावरही कळत नसेल तर दोष आजोबांच्या मृत्युपत्राचा आहे. तिथलं “मला मुले असल्याने” हे वाक्याच्या मधे दडलं असेल, ते वाक्याच्या सुरुवातीला आणा.